नऊ टक्के मोठे की साडेसात? वेगवेगळ्या मुदतीच्या दोन ठेवी एका मापाने कशा मोजायच्या

कापूस विकून झाला की आमच्या पारोळ्याकडच्या मावशीच्या घरात एक वही आणि दोन-चार कागद ओट्यावर येतात. या वर्षी देणी-घेणी वजा जाता तिच्याकडे दोन लाख रुपये उरले होते. समोर दोन कागद होते. पहिला गावातल्या पतसंस्थेचा होता: आज दोन लाख ठेवा, 5 वर्षांनी 2,90,000 घ्या, आणि खाली ठळक अक्षरांत ‘9%’. दुसरा तालुक्यातल्या सहकारी बँकेचा: 15 महिने मुदत, दर 7.60%, व्याज तिमाही चक्रवाढ.

मावशीने चष्मा लावला, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, “नऊ टक्का जास्त शे ना रे भाऊ?”

नऊ हा आकडा साडेसातपेक्षा मोठा आहे, यात वाद नाही. पण हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत. एक क्विंटलमध्ये दिलेला आहे आणि दुसरा मणात, असं समजा. आधी दोन्ही एका मापात आणायचे आणि मगच तुलना करायची. ते माप म्हणजे वर्षाला एकदा चक्रवाढ होणारा दर. म्हणजे मुद्दल वर्षभर ठेवलं, वर्षाच्या शेवटी व्याज त्यात मिळवलं, पुढच्या वर्षी त्या सगळ्या रकमेवर व्याज धरलं आणि असं करत गेलो, तर कागदावरच्या रकमेपर्यंत पोचायला वर्षाला किती टक्के लागतील, हे शोधायचं. या लेखात त्याला ‘खरा वार्षिक दर’ म्हणू. मावशीच्याच दोन कागदांवर तो काढून दाखवतो.

आधी कागदावरून तीन गोष्टी उतरवा

छापलेला टक्का सध्या बाजूला ठेवा. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: आज किती द्यायचे, शेवटी किती मिळणार आणि मध्ये किती काळ जाणार. शाळेत आपण पहिल्याला मुद्दल आणि दुसऱ्याला रास म्हणायचो. ठेव पावतीवर रास ‘मुदतीअंती देय रक्कम’ अशा नावाने छापलेली असते.

पतसंस्थेच्या कागदावरून हे आकडे सरळ मिळतात: मुद्दल 2,00,000, रास 2,90,000, काळ 5 वर्षे. बँकेच्या कागदावर रास दिलेली नव्हती, फक्त दर होता. अशा वेळी काउंटरवर विचारायला संकोच करू नका: “दोन लाख ठेवले तर पंधरा महिन्यांनी हातात किती येतील?” हा आकडा ते संगणकावरून लगेच सांगतात. आम्हाला 2,19,736 सांगितला. तो बरोबर आहे का, ते पुढे तपासू.

याच वेळी आणखी एक प्रश्न विचारायचा: व्याज शेवटी एकदम मिळणार, की दर महिन्याला किंवा तिमाहीला खात्यात येणार? आपली पद्धत पहिल्या प्रकारासाठी आहे, म्हणजे व्याज आत साठत जातं आणि शेवटी मुद्दलासकट मिळतं. व्याज मध्येच हातात येत असेल तर शेवटी नुसतं मुद्दल परत मिळतं आणि ‘रास भागिले मुद्दल’ या हिशेबाला अर्थ राहत नाही. एक ठेव साठवणारी आणि दुसरी महिन्याला व्याज देणारी असेल, तर दोन्ही संस्थांकडून साठवणाऱ्या प्रकाराचेच आकडे मागून घ्या आणि तेच शेजारी ठेवा.

पाच वर्षांचा कागद: 45 भागिले 5 का चालत नाही

पतसंस्थेचे 9 टक्के कुठून आले ते पाहू. दोन लाखांवर 90,000 व्याज, म्हणजे 45 टक्के. वर्षे पाच. 45 भागिले 5 म्हणजे 9. भागाकारात चूक नाही, पण हे सरळव्याज आहे. पहिल्या वर्षी मिळवलेल्या व्याजाने पुढची चार वर्षे काहीच कमावलं नाही, असं त्यात आपोआप गृहीत धरलं जातं.

वर्षावर्षाने उलगडलं की ते डोळ्यांना दिसतं. सरळव्याजाने दर वर्षी 18,000 रुपये जमा होतात. पहिल्या वर्षी ते दोन लाखांवर मिळतात, म्हणजे पूर्ण 9 टक्के. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मावशीचे संस्थेकडे 2,18,000 आहेत, पण व्याज तेवढंच, 18,000. म्हणजे 8.26 टक्के. तिसऱ्या वर्षी 2,36,000 वर 18,000, म्हणजे 7.63 टक्के. चौथ्या वर्षी 7.09. पाचव्या वर्षी संस्थेकडे 2,72,000 पडलेले असताना तिला मिळतात तेच 18,000, म्हणजे जेमतेम 6.62 टक्के. पैसा जितका जास्त काळ राहतो, तितका तो सुस्त होत जातो. छापलेला 9 हा आकडा फक्त पहिल्या वर्षाचा आहे. आणि एका वर्षाने ठेव मोडायला गेलं तर तोही मिळत नाही, कारण मुदतीआधी मोडल्यास दर कमी करून देतात.

हे मी मावशीला वहीत एकाखाली एक लिहून दाखवलं. 6.62 वर तिने पेन्सिलीने गोल केला आणि तो कागद थोडा लांब सरकवला.

खरा वार्षिक दर काढायची कृती

आधी रासेला मुद्दलाने भागा. 2,90,000 भागिले 2,00,000 म्हणजे 1.45. एका रुपयाचे पाच वर्षांत एक रुपया पंचेचाळीस पैसे झाले, एवढाच याचा अर्थ.

आता असा आकडा शोधायचा आहे, की तो पाच वेळा एकमेकांनी गुणला की 1.45 यावा. म्हणजे 1.45 चं पाचवं मूळ. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनमध्ये जास्तीची बटणं उघडतात. त्यांतलं घाताचं बटण (x^y किंवा ^) वापरून हे टाईप करा:

```
(290000/200000)^(1/5)-1
```

उत्तर 0.0771 येतं. शंभराने गुणलं की 7.71 टक्के. पतसंस्थेच्या ठेवीचा खरा वार्षिक दर हा आहे.

इथे सगळ्यांत जास्त होणारी चूक कंसाची. `1.45^1/5` असं कंसाशिवाय टाकलं, तर फोन आधी 1.45 चा पहिला घात घेतो आणि मग त्याला पाचने भागतो. उत्तर 0.29 दिसतं. वजा एक करण्यापूर्वीचं उत्तर एकापेक्षा लहान आलं, तर समजायचं की कंस सुटला आहे. ठेव वाढते, तेव्हा तो आकडा एकापेक्षा मोठाच यायला हवा.

घाताचं बटण नसलेला साधा कॅल्क्युलेटर असेल तरी अडत नाही. अंदाज करा आणि तपासा. दोन लाखांना 1.08 ने पाच वेळा गुणा: 2,93,866 येतात. हे 2,90,000 पेक्षा जास्त झाले, म्हणजे खरा दर 8 पेक्षा कमी. 1.075 ने पाच वेळा गुणा: 2,87,126. हे कमी पडले, म्हणजे दर 7.5 पेक्षा जास्त. 1.077 घ्या: 2,89,807. जवळपास पोचलो. तीन प्रयत्नांत उत्तर 7.7 च्या किंचित वर आहे हे कळलं, आणि निर्णयाला एवढं पुरतं. मला स्वतःला नव्याने शिकणाऱ्यांसाठी ही पद्धत बटणापेक्षा जास्त आवडते. प्रत्येक गुणाकारात एकेक वर्ष पुढे सरकताना दिसतं, आणि दर म्हणजे नेमकं काय हे हाताला कळतं.

पंधरा महिन्यांचा कागद

इथे मुदत पूर्ण वर्षांत नाही. 15 महिने म्हणजे 15 भागिले 12, म्हणजे 1.25 वर्षे. कृती तीच:

```
(219736/200000)^(12/15)-1
```

उत्तर 0.0782, म्हणजे 7.82 टक्के.

मुदत दिवसांत दिली असेल, तर 12/15 च्या जागी 365 भागिले दिवस घ्या. बँकांच्या खास योजना बऱ्याचदा 400 किंवा 444 अशा दिवसांच्या असतात. 444 दिवसांसाठी घात `365/444` होतो. 444 दिवसांना ‘चौदा महिने’ धरून हिशेब केला तर दर थोडा फुगून येतो, कारण 444 दिवस म्हणजे साधारण साडेचौदा महिने होतात. मुदत कागदावर ज्या एककात छापली आहे, त्याच एककात मोजा.

आता बँकेने सांगितलेली रास तपासू. 7.60 टक्के तिमाही चक्रवाढ म्हणजे वर्षाचे चार भाग करून प्रत्येक तिमाहीला 1.9 टक्के. 15 महिन्यांत पाच तिमाह्या. दोन लाखांना 1.019 ने पाच वेळा गुणलं की 2,19,736 येतात. बरोबर. आणि चारच वेळा, म्हणजे एक वर्षभर गुणलं, तर 1.0782 येतो. हाच मघाचा 7.82. म्हणजे दर आणि चक्रवाढीचा कालावधी दोन्ही माहीत असतील, तर रासेशिवायही खरा वार्षिक दर काढता येतो. संगणकावर एक्सेल किंवा गुगल शीट असेल तर त्यासाठी तयार सूत्रच आहे:

```
=EFFECT(0.076,4)
```

यातला 4 म्हणजे वर्षात किती वेळा व्याज मुद्दलात मिळतं तो आकडा. इथे 0.076 च्या जागी नुसतं 7.6 टाकलं तर उत्तर भलतंच येतं, तेवढं सांभाळा.

आता दोन्ही आकडे एका मापाचे झाले: पतसंस्था 7.71, बँक 7.82. कागदावर पतसंस्था जवळपास दीड टक्क्याने पुढे दिसत होती, म्हणजे दोन लाखांवर वर्षाला 2,800 रुपयांनी. प्रत्यक्षात ती बँकेच्या दोनशे रुपयांनी मागे आहे.

हाच डोळा आणखी कुठे लागतो

सरळ भागाकाराचा आकडा फक्त पतसंस्थांच्या कागदावर दिसतो असं नाही. कुठल्याही ठेवीच्या पत्रकावर दराशेजारी ‘उत्पन्न’ किंवा ‘परतावा’ नावाचा रकाना असेल, तर तो जरा थांबून वाचा. समजा दर 7 टक्के तिमाही चक्रवाढ आणि मुदत 5 वर्षे आहे. एका रुपयाचे साधारण 1.4148 होतात. 41.48 भागिले 5 केलं की 8.30 टक्के. खरा वार्षिक दर मात्र 7.19 च आहे. मुदत लांबवली की तो 8.30 आणखी फुगत जातो, आणि 7.19 जागचा हलत नाही. एकाच दराच्या दोन मुदतींपुढे वेगवेगळे ‘उत्पन्न’ छापलेले दिसले, आणि लांब मुदतीपुढे मोठा आकडा असेल, तर तो सरळ भागाकार आहे हे ओळखायचं.

दामदुप्पटीत हा फरक सगळ्यांत मोठा होतो. ‘आठ वर्षांत दामदुप्पट’ म्हणजे 100 टक्के वाढ भागिले 8, म्हणून ‘साडेबारा टक्के’ असं कुणी बोलून दाखवतं. खरा दर 9.05 आहे. यासाठी कॅल्क्युलेटरही लागत नाही: 72 ला वर्षांनी भागा. 72 भागिले 8 म्हणजे 9. दामदुप्पटीचा खरा वार्षिक दर या भागाकाराच्या अगदी जवळ येतो. टपाल कार्यालयाचं किसान विकास पत्र घ्या. एप्रिल 2023 मध्ये त्याचा दर 7.5 टक्के आणि दुप्पट होण्याची मुदत 115 महिने ठरवली गेली. 115 महिने म्हणजे 9.58 वर्षे, आणि 72 भागिले 9.58 म्हणजे 7.5. तिथे जाहीर केलेला दर वर्षाला चक्रवाढ होणारा आहे, म्हणून छापलेला आकडा आणि आपला आकडा जुळतात. पद्धत नीट समजली आहे का हे पाहायचं असेल, तर याच पत्रावर ती चालवून बघा.

एका वर्षापेक्षा कमी मुदतीच्या ठेवीत उलटं होतं, पण फरक लहान असतो. 180 दिवसांसाठी 7 टक्के सरळव्याज असेल, तर खरा वार्षिक दर 7.12 येतो, छापलेल्यापेक्षा थोडा जास्त. त्यात एक गृहीतक लपलेलं आहे: 180 दिवसांनी व्याजासकट सगळी रक्कम पुन्हा त्याच दराने ठेवता येईल असं आपण धरलेलं असतं. हे गृहीतक सगळ्याच लहान मुदतींत असतं, आणि मावशीच्या बाबतीतही खरा विचार इथूनच सुरू झाला.

पंधरा महिन्यांनंतर काय?

7.82 हा आकडा पंधरा महिन्यांपुरताच पक्का आहे. 7.71 पाच वर्षांसाठी पक्का आहे. वार्षिक दरात आणल्याने माप एक झालं, पण काळ एक झाला नाही. बँकेची ठेव संपल्यावर उरलेले 45 महिने मावशीला ज्या दराने ठेवता येतील, त्यावर पाच वर्षांचा निकाल ठरतो. तो दर आज कुणाला माहीत नाही. पण किमान किती लागेल, हे आजच काढता येतं.

पाच वर्षांनी पतसंस्थेत 2,90,000 होणार. बँकेत पंधरा महिन्यांनी 2,19,736 असतील. म्हणजे उरलेल्या 3.75 वर्षांत 2,19,736 चे 2,90,000 व्हायला हवेत. कृती तीच:

```
(290000/219736)^(1/3.75)-1
```

7.68 टक्के येतात. तिमाही चक्रवाढीच्या भाषेत हे साधारण 7.47 टक्के होतात. म्हणजे पंधरा महिन्यांनी बँक 7.5 च्या आसपास दर देत असेल, तर दोन्ही वाटा सारख्याच. दर 7 वर उतरला तर पाच वर्षांची ठेव पुढे जाते, 8 झाला तर बँकेची. वेगवेगळ्या मुदतींची तुलना करताना हा आकडा मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. ‘पुढे दर वाढतील का पडतील’ अशी मोघम चर्चा करण्यापेक्षा ‘साडेसातच्या खाली जातील का’ हा प्रश्न नेमका आहे आणि त्यावर घरात बसून बोलता येतं.

मावशीच्या बाबतीत ही चर्चा लांबली नाही. तिला पुढच्या उन्हाळ्यानंतर शेतात ठिबक टाकायचं आहे आणि त्यासाठी यातले निम्मे पैसे लागणार आहेत. पाच वर्षांची ठेव मध्येच मोडली असती, तर 7.71 टक्के मिळालेच नसते. मुदतीआधी मोडल्यास किती दर मिळतो, हे दोन्ही ठिकाणी ठेव करण्याआधीच विचारून घ्यावं आणि तो आकडाही वहीत लिहून ठेवावा.

दरात न मावणारी एक गोष्ट उरते, आणि ती मी तिला स्पष्ट सांगितली. व्यापारी आणि सहकारी बँकांतल्या ठेवींना ठेव विमा असतो: एका बँकेत एका ठेवीदाराचे व्याजासकट 5 लाखांपर्यंत. फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा लागू आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. खान्देशात पतसंस्थेत पैसे अडकलेली माणसं गावागावांत भेटतात, त्यामुळे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. चांगल्या चाललेल्या पतसंस्थाही आहेत. पण विमा नसलेल्या ठिकाणी पैसे ठेवायचे तर तिथला खरा वार्षिक दर बँकेपेक्षा ठळकपणे जास्त असायला हवा, असं माझं मत आहे. इथे तर तो कमीच निघाला होता. छापलेला 9 पाहूनच ठेव केली असती, तर हे कळलंच नसतं.

व्याजावरच्या कराचंही एक. तुलना करताना दोन्ही आकडे कर कापण्याआधीचे घ्या, किंवा दोन्ही कापल्यानंतरचे. एक असा आणि एक तसा घेतला, तर मोजलेलं सगळं वाया जातं.

दुसऱ्या दिवशी बसने तालुक्याला गेलो. मावशीने दोन लाख एका पावतीवर न ठेवता एक-एक लाखाच्या दोन पावत्या करायला सांगितल्या, म्हणजे ठिबकाचे पैसे लवकर लागले तरी एकच मोडावी लागेल. काउंटरवरच तिने पावत्या हातात घेतल्या, बोट ठेवत ‘मुदतीअंती देय रक्कम’ शोधली आणि वहीतला आकडा शेजारी धरला. प्रत्येक पावतीवर 1,09,868 छापलेलं होतं. दोन लाखांच्या 2,19,736 चं बरोबर निम्मं. मग तिने पावत्या घडी करून पिशवीत ठेवल्या.